मॅनेजर झाल्याची चार ओळींची बातमी

भाचीने लिहिलेला पहिला मजकूर असा होता : "ईश्वराची कृपा, थोरामोठ्यांचे आशीर्वाद आणि माझ्या टीमची साथ यांमुळे आयुष्यात एक नवी सुरुवात होत आहे. मी केवळ निमित्तमात्र. असंच प्रेम राहू द्या." सोबत साडीतला फोटो, हातात पेढ्यांचा बॉक्स.

सगळीकडे टाकण्याआधी तिने तो घरच्या ग्रुपवर टाकून पाहिला. पाचच मिनिटांत तिच्या आत्याचं उत्तर आलं, "अगं बाई! कितवा महिना?"

भाची एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे आणि नुकतीच ती स्केल एकमधून स्केल दोनमध्ये गेली. लेखी परीक्षा, मुलाखत आणि मागच्या वर्षांचे कामाचे अहवाल या तिन्हींचे गुण मिळून यादी लागते, आणि त्या यादीत तिचा नंबर होता. आमचे हे, म्हणजे तिचे मामा, दुसऱ्या एका बँकेतून निवृत्त झाले. शेवटची कित्येक वर्षं शाखांची तपासणी करण्यात गेल्यामुळे दुसऱ्याने लिहिलेला कागद समोर आला की यांचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. लातूरला आमच्याकडे ती पेढे घेऊन आली होती. फोटोखालच्या त्या चार ओळींवरून दोघांचं जे जुंपलं, ते दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत चाललं. मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून अधूनमधून दोघंही पंच म्हणून माझ्याकडे बघायचे.

"आत्याची काही चूक नाही," हे म्हणाले. "यात बातमी कुठंय? कृपा आहे, आशीर्वाद आहेत, प्रेम आहे. घडलं काय, ते कुठंच नाही."

"मामा, मीच माझ्या तोंडानं कसं सांगू, मी मॅनेजर झाले म्हणून? फुशारकी वाटते."

"मग कोणी सांगायचं? शिपायानं? बातमी सांगणं ही फुशारकी नाही. बातमी दडवून लोकांना 'काय झालं, काय झालं' विचारायला लावणं, ही खरी फुशारकी."

यावर मी लगेच मान डोलावली. विनय दाखवायचा म्हणून मूळ गोष्टच गिळून टाकायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. लग्नाच्या निमंत्रणात 'आमचे येथे श्रीकृपेकरून' छापतात खरं, पण त्याखाली वधूवरांची नावं आणि मुहूर्त ठळक असतोच. शिवाय फोनवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर घडी घालून आत जातो. तो उघडून वाचणारे थोडेच. तेव्हा बातमी पहिल्याच ओळीत हवी, यावर दोघांचं एकमत झालं. त्या दुपारी ते एवढ्याच बाबतीत झालं.

पण बातमी कोणत्या शब्दांत? यांनी लिहून दिलं, "स्केल एक ते स्केल दोन पदोन्नती." भाची म्हणाली, "हे शाखेत कळेल. आईला स्केल म्हणजे फूटपट्टी." मग तिने 'मॅनेजर झाले' असं लिहिलं, तर हे म्हणाले, "आता घरचे समजतील शाखा तुझ्या ताब्यात आली. उद्या तुझा चुलत दीर कर्ज मागायला येईल." बहुतेक राष्ट्रीयीकृत बँकांत स्केल दोनच्या अधिकाऱ्याला मॅनेजर म्हणतात, पण मॅनेजर म्हणजे ब्रँच मॅनेजर असेलच असं नाही. शेवटी दोन्ही ठेवलं : घरच्यांसाठी मॅनेजर, सहकाऱ्यांसाठी स्केल, आणि शाखेची प्रमुख नाही हा खुलासा तिने स्वतःची चेष्टा करत लिहावा. या खुलाशाचा आणखी एक फायदा असा, की शाखेतलं कोणी मागून येऊन तिची हवा काढू शकत नाही.

खरी वादावादी नशिबावरून झाली.

"नशीब हा शब्द काढ," हे म्हणाले.

"का काढू? होतंच नशीब."

"सहा महिने पहाटे उठून अभ्यास केलास तो कुणी केला? नशिबानं?"

"अभ्यास सगळ्यांनीच केला होता मामा. मुलाखतीत काय झालं ते सांगते." आणि तिने सांगितलं. पॅनेलने तिला विचारलं, सोयाबीनसाठी घेतलेलं पीककर्ज एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत, कधी धरायचं? साध्या कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं, हे बँकेतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. म्हणूनच शहरातल्या शाखेत वाढलेल्याच्या तोंडून 'नव्वद दिवस' असं आपोआप निघून जातं. पण सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाला रिझर्व्ह बँकेचा नियम वेगळा आहे : हप्ता किंवा व्याज दोन पीक हंगाम थकलं, तर एनपीए. शेतकऱ्याच्या हातात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, माल विकला की येतो, हे त्या नियमामागचं कारण. भाचीची शाखा ग्रामीण. तिने नियम सांगितला आणि पुढे नव्या-जुन्याचंही सांगितलं. मार्चअखेर जवळ आली की शेतकरी कुणाकडून तरी दोन-चार दिवसांसाठी रक्कम उचलतो, जुनं कर्ज भरल्याचं दाखवतो, नवं मंजूर झालं की त्यातून ती परत करतो आणि वरचं व्याज स्वतःच्या खिशातून देतो. कागदावर खातं स्वच्छ दिसतं, पण कर्ज जिथल्या तिथं. पॅनेलवरचे साहेब पुढे सरसावून बसले, असं ती म्हणाली.

"मग? यात नशीब कुठं आलं? तीन वर्षं त्या शाखेत घासलीस म्हणून आलं उत्तर."

"उत्तर माझं होतं. प्रश्न माझा नव्हता. माझ्या आधी जो आत गेला, तो पाच वर्षं ग्रामीण शाखेत आहे. पीककर्जात माझ्यापेक्षा तयार. त्याला विचारलं लेटर ऑफ क्रेडिट. आयात-निर्यातीचा कागद त्यानं आयुष्यात हाताळलेला नाही, मीही नाही. आमची अदलाबदल झाली असती, तर पेढे त्याच्या घरी असते."

हे थोडा वेळ गप्प बसले. मला त्या वेळी रॉबर्ट फ्रँक या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचं 'सक्सेस अँड लक' हे २०१६ सालचं पुस्तक आठवलं. त्याने संगणकावर लुटुपुटूच्या स्पर्धा लावून पाहिल्या. यशात नशिबाचा वाटा अगदी थोडा, दोन-चार टक्के धरला, तरी स्पर्धक हजारोंनी असले की बहुतेक वेळा सगळ्यात कर्तबगार माणूस जिंकत नाही. कारण शिखराजवळ जवळपास सारख्याच ताकदीचे खूप जण असतात आणि त्यांच्यातली निवड त्या दोन-चार टक्क्यांवर होते. त्याचबरोबर हेही खरं, की जिंकणारा कर्तबगारांच्या पहिल्या रांगेतलाच असतो. कष्ट केलेच नाहीत तर नशीब आपल्यापर्यंत पोचतच नाही. मी हे सांगितल्यावर दोघांनाही आपलीच बाजू जिंकल्यासारखं वाटलं.

पण यांचा खरा मुद्दा वेगळाच होता, आणि तो मला पटला. "तू खरं बोलतेस," हे म्हणाले, "पण वाचणारे काय वाचतील? बाईचं प्रमोशन झालं की चहाच्या टपरीवर आधीच दोन जण म्हणत असतात, साहेबांची मर्जी, बायांना झुकतं माप. आणि तूच लिहून देणार, 'माझं नशीब.' उद्या तुझ्यामागून येणारीलाही तेच ऐकवतील. शिवाय ज्याचं झालं नाही त्यानं ते कसं वाचायचं? तुझं नशीब चांगलं म्हणजे त्याचं फुटकं?"

"मग खोटं लिहू?"

"खोटं कशाला? नशीब लिहू नकोस. प्रश्न लिही."

त्या दुपारी यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात कामाचं वाक्य. 'नशिबाने साथ दिली' असं म्हटलं की वाचणारा त्यात हवं ते भरतो : देव, वशिला, झुकतं माप. 'मला नेमका पीककर्जाचा प्रश्न आला' असं म्हटलं की भरायला जागाच उरत नाही. काय घडलं ते समोर असतं, आणि आपला त्यात किती हात होता, किती नव्हता, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. नशिबाची कबुली तर राहतेच, वर स्वतःला हलकं करून घ्यावं लागत नाही. (यांची स्वतःची पहिली पदोन्नती ज्या वर्षी झाली, त्या वर्षी जागा भरपूर निघाल्या होत्या, हे मला चांगलं आठवतं. यांनी त्याचा उल्लेख आजवर कुठंही केलेला नाही. तिथंही मी केला नाही.)

नंतर टीम. भाचीचा दुसरा खर्डा तोवर तयार होता : "कॅशमधल्या ताईंचे विशेष आभार. मी अभ्यासाला बसले की माझं काम त्या उरकायच्या."

यांनी चष्मा काढला. "कुणाच्या आयडीवर?"

"काय?"

"तुझं काम त्यांनी उरकलं, ते कुणाच्या आयडीवर उरकलं? तुझा पासवर्ड त्यांच्याकडे होता?"

"नाही हो मामा! म्हणजे त्या कस्टमरला बसवून घ्यायच्या, फॉर्म तपासून ठेवायच्या. एंट्री मीच करायची."

"मला पटलं. दक्षता विभागाला पटेल? दुसऱ्याला पासवर्ड दिला की चार्जशीट, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या या आभारांनी त्या बिचारीला चौकशीच्या खुर्चीत बसवशील."

भाची हसली, पण ओळ तिने खोडली. आभार मानताना माणूस सहज असं काही लिहून जातो, ज्यातून समोरच्याने नियम वाकवला असं दिसतं. कुणी वेळेआधी घरी सोडलं, कुणी सही करून ठेवली, कुणी आपल्या नावावर सुट्टी टाकली. घरच्यांना त्यात माया दिसते, कचेरीतल्या कुणाला पुरावा. त्याच कारणाने निकालाच्या परिपत्रकाचा फोटोही तिने लावू नये, असं हे म्हणाले. ते परिपत्रक बँकेच्या आतलं असतं, त्यात इतरांची नावं आणि क्रमांक असतात, आणि आपल्या ओळखीचं कोण त्यात नाही हेही लोक शोधत बसतात.

साहेबांच्या आभारांवर दोघांचं पुन्हा बिनसलं. तिच्या शाखाप्रमुखांनी परीक्षेआधी, ऐन गर्दीत, तिची रजा मंजूर केली होती. ती म्हणाली, ते नाव पहिलं हवं. हे म्हणाले, ते नाव नकोच. "तुझा पुढचा अहवाल लिहिणारा माणूस तो. चारचौघांत आभार मानलेस की शाखेतले म्हणतील मस्का, आणि साहेबही संकोचतील. समोर जाऊन सांग. पेढा दे." भाचीने खूप ताणलं, पण शेवटी ते नाव गेलं. मला स्वतःला ते पटलेलं नाही. रजा देणाऱ्या साहेबाचं कौतुक चारचौघांत झालं, तर बाकीचे साहेबही रजा देतील असं मला वाटतं. पण नोकरी तिची आहे.

उरले ते खरे मानकरी. शाखेतले कृषी अधिकारी : दोन हंगामांचा तो नियम त्यांनी तिला शेताच्या बांधावर उभं राहून समजावला होता. समोर पाण्यात बुडालेलं सोयाबीन, हातात त्याच शेतकऱ्याची फाइल. आणि दफ्तरी काका : कोणता खातेदार कोणत्या वस्तीवर राहतो, कुणाची दोन खाती आहेत, कोण गाव सोडून पुण्याला गेलाय, हे सिस्टिममध्ये नसतं, काकांच्या डोक्यात असतं. वसुलीला ते सोबत नसते, तर निम्मी गावं तिला सापडली नसती. या दोघांविषयी तिने एकेक वाक्य लिहिलं, आणि 'टीमची साथ' हे शब्द न काढताच गळून पडले. त्यांची गरजच राहिली नव्हती.

"आणि घरचे?" मी विचारलं.

"लिहिलंय की. 'पती आणि सासूबाईंच्या भक्कम पाठिंब्यामुळे.'"

"म्हणजे त्यांनी काय केलं?"

तिला पटकन सांगता येईना. यात तिचा दोष नाही. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी १९७९ साली एक अभ्यास छापला. नवराबायकोंना वेगवेगळं विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत पूर्णाहून जास्तच भरली. मुद्दाम खोटं कोणी बोलत नव्हतं. आपण केलेलं काम चटकन आठवतं, आपल्या नजरेआड झालेलं आठवायला ते पाहिलेलंच नसतं. (आम्हा दोघांना विचारलं असतं तर बेरीज दोनशेवर गेली असती.) त्यामुळे कुणाचे आभार मानायचे ते आठवून लिहिण्यापेक्षा विचारून लिहावं.

तिने नवऱ्याला फोन लावला. "त्या सहा महिन्यांत तू नक्की काय केलंस रे?" तो आधी बावचळला. मग म्हणाला, "काही नाही गं. रात्री पोराला घेऊन गच्चीवर बसायचो. तुझा दिवा दिसला की तो आत यायला बघायचा. झोपला की खाली आणायचो." भाची क्षणभर फोन धरूनच राहिली. तिला इतके दिवस वाटत होतं, मुलगा हल्ली लवकर झोपायला लागलाय.

शेवटचा प्रश्न, ज्याचं झालं नाही त्याचा. हे म्हणाले, एक ओळ घाल : "ज्यांची संधी यंदा हुकली त्या सर्वांना पुढील वर्षासाठी शुभेच्छा." शिष्टाचार म्हणून. भाची म्हणाली, बरं वाटेल का त्याला? आणि अंदाज बांधत बसण्यापेक्षा तिने त्यालाच फोन केला, ज्याला लेटर ऑफ क्रेडिट विचारलं होतं त्या सहकाऱ्याला. पोस्ट पडायच्या आत त्याला तिच्या तोंडून कळणं हे तसंही बरंच होतं. तिने सगळा मजकूर वाचून दाखवला. तो म्हणाला, "प्रश्नाचं लिहिलंस ते छान. तेवढं शुभेच्छांचं काढ. वर चढून खाली हात हलवल्यासारखं वाटतं." यांनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली. वाटलं होतं रागावतील, पण म्हणाले, "ऑडिट त्याचं बरोबर आहे."

संध्याकाळी जे गेलं ते असं. फोटोही बदलला, शाखेच्या दारात सगळे उभे असलेला घेतला :

"मी बँकेत मॅनेजर झाले. स्केल एकमधून स्केल दोन. शाखा अजून माझ्या ताब्यात नाही, तेव्हा कर्जासाठी कृपया रांगेतूनच यावं.

अभ्यास केला होता आणि मनापासून केला होता. मुलाखतीत मात्र मला नेमका पीककर्जाचा प्रश्न आला. त्याचं उत्तर आमच्या कृषी अधिकाऱ्यांनी शेताच्या बांधावर शिकवलेलं. दुसरा एखादा प्रश्न आला असता, तर आज ही पोस्ट कदाचित दुसऱ्या कुणाची असती. दफ्तरी काका सोबत नसते, तर निम्मी गावं मला सापडली नसती.

मी वाचत बसायचे तेव्हा मुलाला घेऊन नवरा गच्चीवर बसायचा, आणि सकाळचे डबे सासूबाई भरायच्या. मला वाटायचं, पोरगा शहाणा झालाय.

बदलीचा हुकूम यायचाय. तोवर पेढे शाखेतही आहेत आणि घरीही."

'दुसरा एखादा प्रश्न आला असता' हे वाक्य यांना अजूनही खटकतं. जे घडलं नाही ते कशाला लिहायचं, असं यांचं म्हणणं. भाचीचं म्हणणं, ते एक काढलं तर बाकी सगळं वाचून तिला स्वतःलाच खरं वाटणार नाही. हा मुद्दा तसाच लोंबकळत ठेवून दोघं चहा प्यायला उठले, कारण तोवर घरच्या ग्रुपवर तिच्या वडिलांनी विचारलं होतं, बदली महाराष्ट्राबाहेर झाली तर नातवाच्या शाळेचं काय करायचं ठरवलंय?